‘मागच्यासारखंच पाठवा’

आम्ही मुलुंडच्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी आहोत. वर्षभर थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करतो, दिवाळीला फराळ करतो. आमची गिऱ्हाइकं मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात पसरलेली आहेत. थोडी अंधेरीला आणि बोरिवलीलाही आहेत. दुकान आम्हाला नाही. आमचं दुकान म्हणजे एक फोन आणि त्यातलं व्हॉट्सॲप. त्या फोनवर ऑर्डर कशी घ्यायची, मालाचे फोटो आणि भाव कसे पाठवायचे, आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा कसं विचारायचं, हे आज सांगणार आहोत. तुमच्याकडे पापड असतील, कुरडया असतील, कोकम असेल किंवा गोधड्या असतील. माल कुठलाही असो, फोनवरच्या चुका बहुतेक सारख्याच होतात.

आधी आमची चूक सांगतो.

२०२२ ची दिवाळी होती. फराळाच्या धामधुमीत एका काकूंचा आवाजी निरोप आला. त्या म्हणाल्या, “अगं, चकली एक किलो कर, आणि बाकी मागच्यासारखंच पाठवा.” आमच्यातल्या एकीनं तो ऐकला, “हो काकू” असं लिहिलं आणि ती परत तळायला बसली. आता मागच्या वेळी काय पाठवलं होतं, हे आमच्यातल्या दुसऱ्याच एका ताईंना माहीत होतं, आणि त्या त्या आठवड्यात गावी होत्या. आम्ही आठवून आठवून पुडे भरले. भर म्हणजे एकाच आडनावाच्या दोन काकू आमच्या गिऱ्हाइकांत आहेत. एकीचे अनारसे दुसरीकडे गेले आणि जिला गोड चालत नाही तिच्याकडे लाडू पोहोचले. त्या दिवाळीत अशा सहा ऑर्डरी चुकल्या किंवा राहिल्या. पैसे परत केले ते वेगळं, पण त्यातल्या दोन घरांनी नंतर आमच्याकडून कधीच काही घेतलं नाही. गटाचं कर्ज चालू होतं आणि फराळाच्या पैशातूनच हप्ता जायचा होता. तो हप्ता आम्ही घरातून पैसे घालून भरला.

लक्ष्मीपूजन झाल्यावर आम्ही सगळ्या बसलो आणि फोन उघडून एकेक बोलणं वर सरकवत वाचलं. तेव्हा कळलं की आमच्या फोनमध्ये ऑर्डरी नव्हत्याच, गप्पा होत्या. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो, नातवाचे फोटो, “कशी आहेस”, आणि त्यातच मध्ये कुठेतरी “अर्धा किलो करंजी”. आम्ही गप्पेलाच ऑर्डर समजत होतो.

मग आम्ही पहिला बदल केला तो नंबराचा. तोवर ऑर्डरी एका ताईंच्या स्वतःच्या नंबरवर येत होत्या. त्या माहेरी गेल्या की गटाचं दुकानही त्यांच्याबरोबर माहेरी. आम्ही गटाच्या नावानं वेगळं सिमकार्ड घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घातलं. हे वेगळं ॲप आहे, फुकट मिळतं, आपल्या देशात २०१८ पासून आहे. एक लक्षात ठेवा, एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर दोन्हीकडे चालत नाही. म्हणून घरच्या नंबरवर बिझनेस घालायच्या फंदात पडू नका, नाहीतर दुकान आणि सासरच्या ग्रुपची बोलणी एकाच ठिकाणी येतील. हाच नंबर आणखी चार फोनांवर जोडता येतो. आम्ही दोनच जोडले आहेत, एक पॅकिंग बघणाऱ्या ताईंकडे आणि एक हिशेब बघणाऱ्या ताईंकडे. मुख्य फोन मात्र चौदा दिवसांत एकदा तरी उघडावा लागतो, नाहीतर जोडलेले फोन आपोआप सुटतात.

आणि नंबर जतन करताना नाव कसं लिहायचं, हे आम्हाला फार उशिरा सुचलं. आधी आम्ही नुसतं “काकू २” असं लिहीत होतो. आता आधी स्टेशन, मग इमारत किंवा वस्ती, मग आडनाव लिहितो. म्हणजे ‘घाटकोपर पंतनगर’ आणि पुढे आडनाव. याचा फायदा असा की वर शोधायच्या जागी ‘घाटकोपर’ लिहिलं की घाटकोपरची सगळी गिऱ्हाइकं एकाखाली एक दिसतात. आमच्यातली एक जण पिशवी घेऊन एकाच फेरीत लोकलनं जाऊन सगळ्यांचं देऊन येते. अंधेरीची गिऱ्हाइकं मेट्रोनं घाटकोपरला येतात, तीही त्याच फेरीत बसतात. तुम्ही गावात असाल तर आधी गाव, मग वाडी, मग नाव लिहा. एसटीनं कोणाकडे किती पिशव्या न्यायच्या, हे एका नजरेत दिसेल.

आता कॅटलॉगबद्दल. कॅटलॉग म्हणजे फोनमधली मालाची मांडणी. बिझनेस ॲपमध्ये त्याची जागा असते. तिथे एकेका पदार्थाचा फोटो, नाव, भाव आणि दोन ओळी माहिती भरायची. पूर्वी आम्ही काय करत होतो, तर ताटात सगळा फराळ मांडायचा, फोटो काढायचा, त्याच फोटोवर भाव लिहायचे आणि सगळ्यांना पाठवून द्यायचे. फोटो छान दिसायचा, लोक पुढेही पाठवायचे. पण त्यातच फसलो. पुढच्या वर्षी तेल आणि डाळ महागली, आम्ही भाव वाढवले, आणि बोरिवलीहून एक अनोळखी बाई आमचाच मागच्या वर्षीचा फोटो दाखवून म्हणाल्या, “तुमच्या जाहिरातीत तर एवढाच भाव आहे!” त्यांचं काय चुकलं? फोटो एकदा हातातून गेला की परत घेता येत नाही. कॅटलॉगमधला भाव मात्र आपण कधीही बदलू शकतो, आणि गिऱ्हाईक उघडेल तेव्हा त्याला आजचाच भाव दिसतो. म्हणून आता फोटोवर आम्ही एक आकडाही लिहीत नाही. कोणी विचारलं की कॅटलॉगच पाठवतो.

फोटो साध्याच फोनवर काढा, पण दिवसा खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली चकली काळपट दिसते आणि लोकांना ती करपली असं वाटतं. जो पुडा हातात मिळणार त्याचाच फोटो एक असू द्या. आमच्याकडे एका ताईंनी विचारलं होतं, “फोटोत मोठी बरणी होती, मग पिशवी कशी आली?” भावापुढे वजन लिहिलंच पाहिजे. नुसतं ‘लाडू ३०० रुपये’ लिहिलं तर निम्मी माणसं किलो समजतात आणि निम्मी अर्धा किलो. माहितीत काय काय घातलंय, किती दिवस टिकतं आणि सांगितल्यावर किती दिवसांत मिळेल एवढं पुरे. औषधी गुण लिहायचा मोह आवरा. आम्ही मेथीच्या लाडवाखाली साखर कमी होते असं लिहिणार होतो. ते सिद्ध कोण करणार? शिवाय औषधं तिथे विकायला मनाई आहे, आणि टाकलेला पदार्थ आधी तपासला जातो, मगच लोकांना दिसतो. म्हणून नवा पदार्थ सणाच्या आदल्या दिवशी भरायला घेऊ नका.

कॅटलॉगचा आणखी एक उपयोग आहे आणि आम्हाला तोच सर्वांत मोठा वाटतो. कुठलाही पदार्थ तिथून लपवून ठेवता येतो. आमच्याकडे दोन शेगड्या आणि तळायला चार जणी. दिवसाला दहा किलोच्या वर चकली नीट होत नाही. घाई केली की तेल पुरेसं तापू देत नाही आणि चकली तेल पिते. तेव्हा किती दिवस तळणार आणि किती किलो होणार, याचा हिशेब आधीच भिंतीवर लिहितो. तेवढी ऑर्डर भरली की त्याच रात्री चकली कॅटलॉगमधून लपवतो. मागायची सोयच राहिली नाही की नाही म्हणायची वेळही येत नाही. ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं, ते काम फोन करतो.

गिऱ्हाईक कॅटलॉगमधून पदार्थ निवडून टोपलीत घालू शकतं आणि ती टोपली आपल्याला पाठवू शकतं. तरुण मुली तसंच करतात. पण आमच्या काकू-मावशी आवाजी निरोपच पाठवतात आणि पुढेही तेच करणार. त्यांना बदलायला जाऊ नका. ऑर्डर कशीही येऊ दे, टोपलीतून, आवाजात, फोनवर किंवा जिन्यात भेटून, आम्ही ती लिहून परत पाठवतो आणि त्यावर ‘हो’ आल्याशिवाय ती वहीत चढत नाही. आमच्या सगळ्या कामात हा एकच नियम आम्ही मोडत नाही.

मागच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीतली एक ऑर्डर सांगतो. पंतनगरच्या काकूंचा निरोप आला, पुन्हा तसाच, “चकली आणि लाडू, आणि ती तुमची भाजणी, मागच्यासारखंच.” आम्ही वहीत मागची ऑर्डर बघितली आणि त्यांना असं लिहिलं:

“काकू, तुमची ऑर्डर अशी लिहिली आहे. भाजणीची चकली १ किलो, ५२० रुपये. बेसन लाडू अर्धा किलो, ३०० रुपये. थालीपीठ भाजणी १ किलो, २६० रुपये. एकूण १०८० रुपये. शनिवारी १८ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजता घाटकोपर स्टेशनला पूर्वेच्या बाजूला देऊ. निम्मे ५४० रुपये आधी पाठवा. बरोबर असेल तर ‘हो’ लिहा.”

काकूंचं उत्तर आलं, “लाडू नको गं, यंदा ह्यांची साखर वाढलीय. त्याऐवजी चकली दीड किलो कर.” बघा, आमच्या वहीप्रमाणे आम्ही बरोबर होतो, काकूही चुकीचं बोलल्या नव्हत्या, तरी लाडू चुकलेच असते. आम्ही लाडू काढले, चकलीचे ७८० केले, भाजणीचे २६०, एकूण १०४० आणि आधीचे ५२०, असं सगळं नव्यानं लिहून परत पाठवलं. “बदल केला” एवढंच लिहायचं नाही, पूर्ण यादी पुन्हा लिहायची. कारण पॅकिंग करणारी ताई शेवटचाच निरोप बघते. काकूंनी ‘हो’ लिहिलं, मग वहीत ओळ चढली.

रोज तेच ते लिहायचा कंटाळा येतो, त्यावर सोय आहे. बिझनेस ॲपमध्ये ठरावीक मजकूर साठवून ठेवता येतो. आम्ही वरच्या निरोपाचा साचा /order या नावानं ठेवलाय. लिहायच्या जागी तिरकी रेघ आणि ते नाव लिहिलं की सगळा मजकूर समोर येतो, फक्त पदार्थ आणि आकडे भरायचे. बोलण्याला रंगीत लेबलंही लावता येतात. ॲप स्वतः इंग्रजी लेबलं देतं, आम्ही ती काढून मराठीत चारच ठेवली आहेत, ‘हो बाकी’, ‘पैसे बाकी’, ‘द्यायचं’ आणि ‘दिलं’. रात्री नऊ वाजता एक जण ‘हो बाकी’ उघडते आणि त्या सगळ्यांना एकदाच आठवण करते. लेबलं वीस झाली की कोणी लावत नाही, चारच असू द्या. आणि वही सोडू नका. फोन पाण्यात पडला तर वहीच कामाला येते. आमचा एकदा पिठाच्या डब्यात पडला होता, तो वाचला.

पैशाबद्दल एकच गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा फोटो पाठवतं. बहुतेक माणसं खरीच असतात, पण तो फोटो म्हणजे पैसे नव्हेत. तो जुना असू शकतो, दुसऱ्याला पाठवलेल्या पैशांचा असू शकतो किंवा बनवलेला असू शकतो. हिशेबाच्या ताई गटाच्या खात्यात रक्कम आलेली बघतात, मगच ‘पैसे बाकी’चं लेबल काढतात. आणि पैसे घेताना आपल्याला कधीही पिन टाकावा लागत नाही. कोणी पैसे देण्यासाठी पिन टाका म्हणालं, तर ते आपलेच पैसे काढून घेत आहे असं समजा आणि तिथेच थांबा.

आता पुन्हा विचारायचं कसं, ते सांगतो. आम्ही आधी महिन्यातून दोनदा सगळ्यांना एकच निरोप पाठवायचो, “काही हवं का?” उत्तरं यायची नाहीत. असे निरोप पाठवायला ॲपमध्ये यादी करता येते, तिला ब्रॉडकास्ट म्हणतात. त्यात प्रत्येकाला निरोप वेगळा जातो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून गिऱ्हाइकांचा ग्रुप मात्र करू नका, तिथे सगळ्या बायकांचे नंबर उघड होतात. पण ब्रॉडकास्टमध्ये एक मेख आहे. ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन केलाय, त्यांनाच तो निरोप पोहोचतो. पाठवलेला निरोप दाबून धरून त्याची माहिती उघडली की कोणाला पोहोचला आणि कोणी वाचला, ती नावं दिसतात. आम्ही पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा यादीतली निम्मी नावं तिथे नव्हतीच. आम्हाला वाटत होतं लोकांना आमचा माल नको झालाय. प्रत्यक्षात त्यांच्यापर्यंत काही गेलंच नव्हतं! तेव्हापासून पिशवी हातात देतानाच म्हणतो, “काकू, आमचा नंबर आत्ताच सेव्ह करा, भाजणी दळली की कळवू.” पुष्कळदा काकूंना ते जमत नाही, मग आमचीच मुलगी करून देते.

दुसरं म्हणजे, विचारायची वेळ आपल्या सोयीनं ठरवायची नसते, त्यांचा डबा कधी रिकामा होतो त्यावर ठरवायची. अर्धा किलो भाजणीची दहा-बारा थालीपीठं होतात. चार माणसांच्या घरात ती दोन-तीन न्याहाऱ्यांतच संपतात. आठवड्यातून एकदा थालीपीठ होणाऱ्या घरी किलोभर भाजणी साधारण महिनाभर जाते. गोडा मसाला पाव किलो घेतला तर दोन-तीन महिने विचारायचं कारण नाही. म्हणून वहीत पदार्थापुढे दिल्याची तारीख आणि त्याच्यापुढे ‘विचारायची तारीख’ असा रकाना आहे. पंतनगरच्या काकूंना १८ ऑक्टोबरला भाजणी दिली. दिवाळीत फराळ असतो, भाजणीचा डबा कोणी उघडत नाही, हे धरून आम्ही चार आठवड्यांऐवजी पाच आठवडे सोडले. मग नोव्हेंबरात लिहिलं, “काकू, शनिवारी ताजी भाजणी दळतोय. मागच्या वेळी १ किलो दिली होती. तेवढीच ठेवू का?” ‘काही हवं का’ याला विचार करावा लागतो. याला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच म्हणायचं असतं, आणि शनिवारच्या आत म्हणायचं असतं. काकूंचं उत्तर आलं, “अर्धाच किलो ठेव, मुलगा परत गेला.” तो बदलही वहीत गेला.

दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर आम्ही त्या घराला तिसऱ्यांदा विचारत नाही, पुढच्या सणापर्यंत थांबतो. कोणी ‘नको’ म्हटलं तर त्याच्यापुढे ‘फक्त दिवाळी’ असं लिहितो. सारखं विचारलं की माणसं नंबर बंद करून टाकतात. पुष्कळांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप आपला नंबरच थांबवू शकतं आणि मग दुकानच गेलं.

आणखी एक विचारणं आहे, ते विक्रीसाठी नसतं. माल दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विचारतो, “चकली खुसखुशीत आहे ना?” पाहुणे येण्याआधी विचारलं तर बदलून देता येते. एका वर्षी तीन घरांनी मऊ पडली म्हणून कळवलं. वहीत बघितलं तर तिन्ही पुडे एकाच संध्याकाळी भरलेले होते, पूर्ण गार होण्याआधीच. त्या संध्याकाळचे बाकीचे पुडे कोणाकडे गेले, ते नावांनिशी सापडले आणि न सांगताच बदलून दिले.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागते. एका दिवाळीत “फराळाची ऑर्डर दिली का?” असा निरोप आम्ही सगळ्या यादीला पाठवला. त्यात भांडुपच्या एक काकू होत्या. त्यांचे यजमान श्रावणात गेले होते. दुःख झालेल्या घरी त्या वर्षी फराळ तळत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यातल्या एकीला ती बातमी माहीतही होती, पण निरोप पाठवणारीला नव्हती. काकू काही बोलल्या नाहीत. आम्हाला दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा दोघी जणी जाऊन भेटून आल्या, डबा घेऊन. आता सणाच्या निरोपाआधी आम्ही सगळ्या एकत्र बसतो आणि यादी मोठ्यानं वाचतो. कोणाकडे दुःख आहे, कोणाकडे लग्न ठरलंय, कोण गाव सोडून मुलाकडे गेलंय, हे प्रत्येकीला थोडं थोडं ठाऊक असतं. दुःखाच्या घरांची नावं त्या निरोपापुरती बाजूला काढतो. पाऊण तास जातो त्याला. यंदाची यादी गणपतीचं विसर्जन झालं की वाचायला घेणार आहोत.